माल तोच, खप तोच, निकाल वेगळा : सातारा लोकसभेच्या चार मतमोजण्या

मार्केटिंगच्या वर्गात मी मुलांना आधी नुसते चार आकडे देतो. ५,२२,५३१. ५,७९,०२६. ५,४८,९०३. ५,७१,१३४. एकाच मालाचा एकाच भागातला चार वेळचा खप आहे असं समजा आणि धंदा कसा चाललाय ते सांगा, एवढंच विचारतो. दोन मिनिटांत उत्तर येतं. गिऱ्हाईक पक्कं आहे, चढउतार किरकोळ आहे, फार वाढ नाही पण काळजीचंही काही नाही. एखादा हुशार मुलगा विचारतो, "सर, तिसऱ्या वेळी तीस हजारांनी कमी का झाला?" मागून कुणीतरी म्हणतं, "पाऊस जास्त झाला असेल." त्याला कल्पना नसते की तो कशाच्या किती जवळ पोचलाय.

मग फळ्यावर दुसरी ओळ लिहितो. पहिल्या वेळी ३,६६,५९४ मतांनी विजय. दुसऱ्या वेळी १,२६,५२८ मतांनी विजय. तिसऱ्या वेळी ८७,७१७ मतांनी पराभव. चौथ्या वेळी ३२,७७१ मतांनी विजय. आता वर्गातल्या निम्म्यांना कळतं की हा माल म्हणजे उदयनराजे भोसले आणि भाग म्हणजे सातारा लोकसभा मतदारसंघ. २०१४, मे २०१९, ऑक्टोबर २०१९ आणि २०२४ या त्या चार मतमोजण्या. पहिल्या दोन वेळी चिन्ह घड्याळ होतं, नंतरच्या दोन वेळी कमळ.

उमेदवाराला माल म्हणायची सवय नवी नाही. फिलिप कॉटलर आणि सिडनी लेव्ही यांनी १९६९ साली मांडलं की मार्केटिंग ही काही फक्त साबण आणि पोलाद विकणाऱ्यांची मक्तेदारी नाही, देवळं, विद्यापीठं आणि राजकीय पक्षही तेच करत असतात. तेव्हापासून पक्ष म्हणजे ब्रँड, उमेदवार म्हणजे माल, मतदार म्हणजे गिऱ्हाईक आणि कार्यकर्ता म्हणजे वितरक ही जुळणी रूढ झाली. आपल्याकडे तर हल्ली तालुक्याच्या निवडणुकीतही 'पोझिशनिंग' हा शब्द ऐकू येतो. ही जुळणी खोटी नाही. ती कुठपर्यंत चालते आणि कुठे तुटते हे पाहायला साताऱ्याइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. उमेदवार एक, भूगोल एक, मधल्या दोन निवडणुकांत सहा महिन्यांचंही अंतर नाही आणि बदललं ते फक्त चिन्ह. प्रयोगशाळेत मुद्दाम करायचं म्हटलं तरी इतकं नीट जमलं नसतं.

आधी खप तोच आणि निकाल वेगळा हे कसं, ते पाहू. २०१४ मध्ये सव्वापाच लाख मतांत साडेतीन लाखांवर मताधिक्य मिळालं, कारण समोर एकगठ्ठा विरोधक नव्हता. दुसऱ्या क्रमांकावर एक अपक्ष होते आणि त्यांना १,५५,९३७ मतं होती. मे २०१९ मध्ये समोर शिवसेनेचे नरेंद्र पाटील आले, युतीची मतं एका ठिकाणी पडली, ४,५२,४९८ झाली आणि मताधिक्य सव्वा लाखावर आलं. ऑक्टोबरात समोर राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील होते, निवृत्त सनदी अधिकारी, कराडचे माजी खासदार, सिक्कीमचे माजी राज्यपाल. त्यांना ६,३६,६२० मतं पडली. उदयनराजेंची मतं मेच्या मानाने ३०,१२३ ने घटली, म्हणजे जेमतेम पाच टक्के. समोरच्याची मात्र १,८४,१२२ ने वाढली. विधानसभेचं मतदान त्याच दिवशी असल्याने एकूण मतदानही वाढलं होतं. पहिल्या दोघांचीच बेरीज मेपेक्षा दीड लाखाने जास्त भरते.

साबणाच्या कंपनीचा खप पाच टक्क्यांनी घटला तर विक्री अधिकाऱ्याला चार शब्द ऐकावे लागतात, कारखाना चालूच राहतो. इथे पाच टक्के मतं घटली म्हणून जागाही पाच टक्क्यांनीच घटली, असं काही होत नाही. इथे जागा एकच असते आणि ती गेली की सगळी जाते. साडेपाच लाख लोकांनी माल घेतला, पण त्यांच्यापैकी एकाच्याही घरी तो पोचला नाही.

हे मुलांना पटवायला मी कंदी पेढ्यांकडे वळतो. राजवाड्यावरच्या एका दुकानातून मी पेढे घेतले आणि शेजाऱ्याने पोवई नाक्यावरून घेतले, तर दोघंही आपापले पेढे खातो. त्याच्या आवडीने माझ्या तोंडाची चव बदलत नाही. आता अशी कल्पना करा की गावातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी आपल्या पसंतीचं दुकान चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या मोजायच्या, आणि ज्याच्या चिठ्ठ्या जास्त त्याचेच पेढे पुढची पाच वर्षं प्रत्येक घरात जायचे. वर, पैसे कुणीच द्यायचे नाहीत आणि डबा परत करायची सोय नाही. अशा गावात पेढेवाला काय करेल? तो चव सुधारण्यापेक्षा दुसरा पेढेवाला कोण उभा राहतोय, कोण कुणाची गिऱ्हाईकं फोडतोय याकडे जास्त लक्ष देईल. आणि गिऱ्हाईकही मला काय आवडतं एवढ्यावर थांबणार नाही, बाकीचे काय लिहिणार आहेत त्याचा अंदाज घेऊन लिहील. अँड्र्यू लॉक आणि फिल हॅरिस यांनी १९९६ मध्ये मतदार आणि ग्राहक यांच्यातले फरक मांडले, त्यांत सगळ्यांनी एकाच दिवशी निवडणं, निवडीला किंमत नसणं आणि बहुमताने जे घेतलं त्याच्यासोबत सगळ्यांनी राहणं, हे पहिल्या काही मुद्द्यांत येतात. माझ्या मते यातला शेवटचा फरकच मुळातला. बाकीचे बरेचसे त्याच्या पोटातून निघतात.

आता ऑक्टोबर २०१९ कडे. सप्टेंबरच्या मध्यावर उदयनराजेंनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि भाजपमध्ये प्रवेश केला. मार्केटिंगच्या भाषेत हे वेष्टन बदलणं. माल ओळखीचा, आतला ऐवज तोच, वरचा शिक्का दुसरा. साताऱ्याच्या गादीचे वारस, कॉलर उडवायची ती लकब, कुठल्याही पक्षाच्या मंचावर असले तरी स्वतःच्याच नावाने ओळखले जाणारे. कुणीही ब्रँड सल्लागार म्हणाला असता की इथे मालाचं नाव शिक्क्यापेक्षा मोठं आहे, शिक्का बदलून काही बिघडणार नाही. मतांचा आकडा पाहिला तर तो सल्लागार बरोबरच ठरतो! पाच लाख एकोणऐंशी हजारांचे पाच लाख एकोणपन्नास हजार, म्हणजे पंचाण्णव टक्के गिऱ्हाईक टिकलं.

खरंच टिकलं का? इथे दुकानदारी आणि निवडणूक यांतला दुसरा फरक आडवा येतो. मे महिन्यात युतीच्या उमेदवाराला ४,५२,४९८ मतं होती. ऑक्टोबरात कमळ हेच युतीचं चिन्ह होतं. समजा ती सगळी मतं उदयनराजेंकडे आली, तर ५,४८,९०३ मधून ती वजा करून उरतात ९६,४०५. म्हणजे मेमधल्या त्यांच्या स्वतःच्या मतदारांपैकी एक लाखही सोबत राहिले नाहीत. उलट टोकाला, युतीचं एकही मत आलं नाही असं धरलं, तर त्यांचे जवळजवळ सगळे जुने मतदार सोबत आले. दोन्ही गोष्टींत बेरीज तीच येते. खरं काय ते मधे कुठेतरी आहे, आणि पक्षाचं बळ पाहता मला ते पहिल्या टोकाकडे झुकलेलं वाटतं. म्हणजे डबा तेवढाच भरलेला दिसतो, पण आतलं धान्य बरंचसं बदललेलं असावं. कंपनीला हे कळायला बिलं असतात, सभासद कार्ड असतं, कोणत्या ग्राहकाने मागच्या महिन्यात काय नेलं याची नोंद असते. मतदाराची अशी नोंद कायद्यानेच होऊ शकत नाही.

जवळपास पोचायचा एक रस्ता आहे. प्रत्येक मतदान केंद्राची उमेदवारनिहाय मतं 'नमुना २०' या तक्त्यात मिळतात. मेमध्ये धनुष्यबाण जिथे जोरात चालला ती केंद्रं निवडायची, ऑक्टोबरात तिथे कमळ किती चाललं ते पाहायचं, आणि घड्याळाच्या हक्काच्या केंद्रांवर काय झालं त्याच्याशी ताडून बघायचं. यातून माणसं कळत नाहीत, गावं कळतात. पण कोणाचे कोण कुठे गेले याच्या चावडीवरच्या गप्पांपेक्षा ते बरं. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. केंद्रांची फेररचना झाली असेल तर तोच क्रमांक म्हणजे तीच वस्ती, असं धरून चालत नाही.

शिक्का बदलला म्हणून पराभव झाला, असंही म्हणता येत नाही, कारण त्याच दिवशी, त्याच सातारा शहरात, दुसऱ्या एका उमेदवाराने तोच बदल केला होता आणि तो जिंकला. शिवेंद्रसिंहराजे भोसले त्याच वर्षी राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले, कमळावर सातारा विधानसभा लढले आणि ४३ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. जुना पक्ष तोच, नवा पक्ष तोच, घराणं एकच, मतदानाचा दिवसही एकच. फरक कशात? मी त्याचं उत्तर वितरणात शोधतो. विधानसभेच्या एका मतदारसंघात उमेदवाराचं स्वतःचं जाळं पुरू शकतं. अजिंक्यतारा साखर कारखाना, नगरपालिकेतला गट, गावोगावची सोसायटी, ही साखळी नेत्याबरोबर चालत गेली. लोकसभेला असे सहा मतदारसंघ असतात. वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा. सातारा सोडून बाकीच्या पाच ठिकाणचे वितरक उदयनराजेंचे नव्हतेच, ते पक्षाचे किंवा तिथल्या आमदारांचे होते. माल दुसऱ्या कंपनीत गेला तेव्हा कराड उत्तरच्या आणि वाईच्या कार्यकर्त्याने जुनं दुकान सोडलं नाही. वितरकाला कमिशन बुडेल म्हणून तो कंपनी सोडत नाही, हे समजण्यासारखं आहे. कार्यकर्त्याला कमिशन नसतं, आणि तरी तो सोडत नाही. का, ते वितरणाच्या कुठल्याही आकृतीत बसत नाही. भावकी, कारखान्याचं सभासदत्व, वडिलांनी ज्याचं काम केलं त्याचं काम, जिल्हा बँकेच्या निवडणुकीत कोण कुणाच्या पॅनेलमध्ये होतं, असल्या धाग्यांनी तो बांधलेला असतो.

त्या दिवशीच्या सहा विधानसभांचे निकाल पाहिले तर युती तीन, आघाडी तीन अशी सरळ वाटणी झाली होती. म्हणजे कमळ-धनुष्यबाण हा शिक्का साताऱ्यात चालतच नव्हता, असंही नाही. पाटण आणि कोरेगावला शिवसेना जिंकली, साताऱ्याला भाजप. मतदाराच्या हातात त्या दिवशी दोन यंत्रं होती आणि अनेकांनी दोन्हीकडे वेगवेगळं बटण दाबलं असणार. एकाच दुकानात एकाच फेरीत चहा एका कंपनीचा आणि साखर दुसऱ्याची घ्यावी तसं. ही गोष्ट मात्र बाजाराच्या उपमेत छान बसते, उगाच नाकारायला नको.

आणि आता पाऊस. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात भर पावसात शरद पवारांनी केलेलं भाषण महाराष्ट्राने पाहिलं. मतदान २१ तारखेला होतं, प्रचाराला जवळजवळ एकच दिवस उरला होता. भिजलेल्या चित्राबद्दल सगळे बोलतात. मला त्या भाषणातलं एक विधान जास्त महत्त्वाचं वाटतं. लोकसभेला उमेदवार निवडताना आपल्याकडून चूक झाली, असं पवारांनी जाहीरपणे कबूल केलं आणि ती दुरुस्त करायची संधी २१ तारखेला आहे असं लोकांना सांगितलं. कंपनी सदोष माल बाजारातून परत बोलावते, वर्तमानपत्रात निवेदन देते, तसाच हा प्रकार. पण कंपनी परत बोलावते तो तिचा स्वतःचा माल, जो अजून तिच्या नावाने विकला जातोय. इथे माल आधीच दुसऱ्याच्या दुकानात गेला होता, आणि जुना दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणत होता की मी तुम्हाला दिला तो चुकीचा होता. कुठलीही कंपनी प्रतिस्पर्ध्याच्या मालाबद्दल असं बोलली तर तिला वकिलाची नोटीस येईल. राजकारणात तेच वाक्य लोकांना प्रामाणिकपणा वाटलं.

त्या भाषणाने किती मतं फिरवली? जाहिरातीचा परिणाम मोजायची बाजारातली पद्धत सोपी आहे. सांगलीत जाहिरात दाखवा, साताऱ्यात दाखवू नका, महिन्याभराने दोन्हीकडचा खप पाहा. इथे निवडणूक एकच, दिवस एकच आणि ती चित्रफीत एका रात्रीत राज्यभर गेलेली. न पाहिलेला गट उरलाच नाही. 'पावसानेच निवडणूक फिरवली' हे वाक्य म्हणूनच ना सिद्ध होतं ना खोडता येतं. माझं मत विचाराल तर ८७ हजार हा फरक एका भाषणाने पडावा इतका लहान नाही. बांधलेलं जाळं तयार होतं, पावसाने त्याला बाहेर पडायचं कारण दिलं. पण हे मत आहे, मोजमाप नव्हे.

२०२४ ला उपमेची खरी परीक्षा झाली, कारण या वेळी प्रश्न थेट शिक्क्याचा होता. साताऱ्यात १९९९ पासून ऑक्टोबर २०१९ पर्यंत लोकसभेच्या सहा निवडणुका झाल्या आणि सहाही वेळा घड्याळ निवडून आलं. बाजारात वीस वर्षं पहिल्या क्रमांकावर असलेला ब्रँड म्हणा. ६ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक आयोगाने राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिलं. २२ फेब्रुवारीला शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे नवं चिन्ह मिळालं. साताऱ्याचं मतदान ७ मेला होतं, म्हणजे नव्या शिक्क्याचं वय मतदानाच्या दिवशी पंचाहत्तर दिवस. जागावाटपात सातारा भाजपकडे असल्याने घड्याळ मतपत्रिकेवर नव्हतंच. एका बाजूला कमळ आणि उदयनराजे, दुसऱ्या बाजूला तुतारी वाजवणारा माणूस आणि शशिकांत शिंदे.

पंचाहत्तर दिवसांत नवं चिन्ह घरोघरी पोचवायचं तर नाव तोंडात बसणारं हवं. 'तुतारी वाजवणारा माणूस' हे कुणाच्याही तोंडात बसत नाही. सभेत, रिक्षावरच्या भोंग्यात, गाण्यात, चहाच्या टपरीवर त्याची सरळ 'तुतारी' झाली. साबण विकणारा प्रत्येक माणूस हेच करेल आणि त्याला शाबासकी मिळेल. इथे त्यातच घोळ झाला. आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत 'ट्रम्पेट' नावाचं चिन्ह होतं, मराठीत त्याला तुतारीच म्हटलं गेलं, लोक ओळखत पिपाणी म्हणून. ते एका अपक्षाला मिळालं. आता म्हातारीला नातवाने सांगितलं, "आजी, तुतारीचं बटण दाब." यंत्रावर एका चौकोनात फेटेवाला माणूस आहे आणि त्याच्या तोंडाशी बारीकसं वाद्य. दुसऱ्या चौकोनात नुसतं वाद्य, माणूस नाही. आजी तुतारी शोधतेय, माणूस शोधत नाहीये. उमेदवाराचा फोटो यंत्रावर असतो, २०१५ पासून आहे, पण तो बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा नसतो आणि चिन्ह सापडल्यावर फोटो कोण बघतं?

त्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली, तिसरा क्रमांक. शिंदे हरले ३२,७७१ मतांनी. त्या अपक्षाला उभं राहायचा आणि यादीतलं चिन्ह मागायचा पूर्ण हक्क होता, त्यात गैर काही नाही, आणि हे उगाच कुणाच्या माथी मारायचं प्रकरण नाही. प्रश्न एवढाच की त्या मतांतली चुकून पडलेली किती.

हिशेब करून पाहू. सगळीच्या सगळी मतं शिंदेंची धरली तर त्यांची बेरीज ५,७५,४२५ होते, म्हणजे ते ४,२९१ मतांनी जिंकतात. पण कुणीही अपक्ष उभा राहिला तर त्याची स्वतःची, मनापासूनची काही मतं असतातच. शिंदे जिंकायला त्या ३७,०६२ पैकी किमान ३२,७७२ मतं चुकलेली असायला हवीत, म्हणजे शंभरात अठ्ठ्याऐंशीहून जास्त. मनापासूनची मतं ४,२९१ च्या वर गेली की निकाल आहे तोच राहतो. एखाद्या साध्या अपक्षाला लोकसभेच्या एवढ्या मोठ्या मतदारसंघात काही हजार मतं सहज पडतात, कधी एखादं नाव आवडलं म्हणून, कधी दोन्ही बाजूंचा वैताग म्हणून. म्हणजे काटा अगदी मधोमध थरथरतोय. 'तुतारीने सातारा घालवला' असं ठामपणे म्हणणारे आणि 'काही फरक पडला नाही' असं ठामपणे म्हणणारे, दोघांनीही ही वजाबाकी केलेली नसते.

घोळ झाला होता हे मात्र नक्की म्हणता येतं, कारण तो एकट्या साताऱ्यात झाला नाही. दिंडोरीत याच चिन्हाच्या उमेदवाराला एक लाखावर मतं पडली, तिथे आडनावाचंही साम्य होतं. माढ्यात अठ्ठावन्न हजारांवर, बारामतीत पंधरा हजारांच्या आसपास. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या फारशा माहीत नसलेल्या माणसांना एकाच चित्राखाली एवढी मतं पडतात, तेव्हा लोक माणूस बघत नव्हते, चित्र बघत होते. तपासायचं असेल तर आणखी एक कसोटी लावायची. जिथे पिपाणी होती पण तुतारीवाला माणूस नव्हता, अशा मतदारसंघांत तिला किती मतं पडली ते पाहायचं. तो आकडा म्हणजे चित्राची स्वतःची ओढ. साताऱ्यातल्या आकड्यातून ती वजा करून उरेल तो घोळ.

गंमत अशी की दिंडोरी, माढा, बारामती या तिन्ही ठिकाणी घोळ होऊनही शरद पवारांच्या पक्षाचे उमेदवार निवडून आले. पक्षाने दहा जागा लढवल्या आणि आठ जिंकल्या. एखाद्या कंपनीच्या मालाची नक्कल दहा बाजारांत झाली तर दहाही ठिकाणी तिचं थोडं थोडं नुकसान होतं, जिथे नक्कल जास्त खपली तिथे जास्त. इथे दिंडोरीत लाखभर मतं दुसरीकडे गेली आणि नुकसान शून्य. साताऱ्यात त्याच्या जेमतेम एक तृतीयांश गेली आणि कदाचित अख्खी जागा गेली. नुकसानीचा संबंध नकलेच्या आकाराशी नाही, समोरच्याशी असलेल्या अंतराशी आहे. हे ज्याला उमगलं तो शिक्का जपण्याइतकाच कुठे चुरस आहे याचा अंदाज जपतो.

मग दाद कुठे मागायची? मालाच्या बाबतीत रस्ता जुना आहे. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात कसोटी सांगितली. बेताची समज असलेला, नाव अर्धवट आठवणारा सर्वसाधारण ग्राहक फसेल का, एवढंच पाहायचं. दोन बाटल्या शेजारी ठेवून फरक शोधायचा नाही, कारण ग्राहक तसं करत नाही. ही कसोटी त्या आजीला हुबेहूब लागू पडते. पण ती इथे चालत नाही. चिन्ह पक्षाच्या मालकीचं नसतं. १९६८ च्या चिन्ह आदेशाखाली आयोग ते वापरायला देतो आणि काढूनही घेतो, घड्याळाचं तेच झालं. २०२२ मध्ये समता पक्षाने मशालीवर हक्क सांगितला तेव्हाही दिल्ली उच्च न्यायालयाने चिन्ह ही पक्षाची मालमत्ता नाही असंच धरलं. कंपनीच्या नजरेतून पाहा, आपलं बोधचिन्ह सरकारी खात्याकडून भाड्याने घेतलंय आणि शेजारचं मिळतंजुळतं बोधचिन्हही तेच खातं दुसऱ्याला भाड्याने देतंय.

प्रचार चालू असताना न्यायालयात जाऊन मनाई हुकूम आणायचा तर राज्यघटनेचं कलम ३२९ आडवं येतं, निवडणुकीत मध्येच हस्तक्षेप होत नाही. उरते निवडणूक याचिका, निकालानंतर पंचेचाळीस दिवसांत, उच्च न्यायालयात. तिथे सिद्ध करावं लागतं की गैरप्रकाराने किंवा नियमभंगाने निकालावरच परिणाम झाला. यादीतलं चिन्ह नियमाने दिलं असेल तर नियमभंग कुठला दाखवणार? आणि परिणाम तरी कसा दाखवणार? मालाच्या खटल्यात फसलेलं गिऱ्हाईक साक्षीला आणता येतं, बिल दाखवता येतं. इथे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे मत कुणाला दिलं हे सांगायला कुणालाही भाग पाडता येत नाही. त्यातून बहुतेक फसलेल्यांना आपण फसलो हेच माहीत नसतं. पेढ्याचा चुकीचा डबा घरी उघडल्यावर कळतो. चुकीच्या बटणाची शिट्टी बरोबर बटणासारखीच वाजते.

शरद पवारांच्या पक्षाने हे प्रकरण आयोगाकडे नेलं. पिपाणी यादीतून काढावी आणि आपलं चित्र यंत्रावर अधिक ठळक दिसावं, अशा दोन मागण्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा जाहीर होताना, आयोगाने दुसरी मान्य केली आणि पहिली केली नाही. माणूस मोठा झाला, पिपाणी जागेवर राहिली. महिन्याभराने झालेल्या मतदानात सातारा जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीने जिंकल्या. कोरेगावात शशिकांत शिंदे मोठ्या फरकाने हरले, आणि तिथे पिपाणीचा हिशेब काढायची वेळच आली नाही.